मदत हवी आहे: चासी नंबरचा क्लोज-अप कसा घ्यावा?

जुनी दुचाकी घेताना काय तपासावं, याचा व्हिडिओ मोबाइलवर करतोय. हँडलखाली फ्रेमवर कोरलेला चासी नंबर आणि नोंदणीपत्रावरचा नंबर शेजारी-शेजारी दाखवायचाय. फ्लॅश समोरून मारला की धातू चमकतो आणि आकडे पुसट होतात. टॉर्च बाजूने अगदी तिरका धरला, तर घासल्याच्या रेघा, कमीजास्त खोल आकडे, तेवढ्याच जागी मारलेला ताजा रंग लगेच उठून दिसतो. नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय तिथेच येतो, म्हणून हा शॉट मला सोडायचा नाही. पण तेव्हा कागद अंधारात जातो. (मालकाचं नाव-पत्ता झाकलाय, ते जमलं.) दोन शॉट वेगळे घेऊन जोडले तर बघणाऱ्याला पटेल का? की कॅमेरा न थांबवता नंबरावरून कागदावर न्यावा? मग फोकस कसा सांभाळता?