एपॉक्सी की सिमेंट ग्राउट? नेरूळच्या फ्लॅटसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात टाइल्स बसवायला घेतोय. ओट्यामागची भिंत आणि बाथरूमची फरशी इथे टाइल्समधल्या सांध्यांत एपॉक्सीच भरायचं ठरवलंय. सिमेंटचं ग्राउट हळद-तेल पितं, आणि जुन्या बाथरूमच्या सांध्यांत पावसाळाभर काळी बुरशी असायची. पाणी न लागणाऱ्या भिंतींना मात्र सिमेंटच, उगाच खर्च नको.

गाडं अडलंय सांध्यावर. मिस्त्री म्हणतात, टाइलला टाइल भिडवू, छान दिसेल. पण एवढ्याशा फटीत घट्ट एपॉक्सी खोल जाणार कसं? वरवर बसलं तर पापुद्रा सुटणार. मी भिंतीला २ आणि फरशीला ३ मिमी स्पेसर म्हणतेय. चालेल ना? आणि मॅट टाइलवरचा एपॉक्सीचा चिकट थर सुकायच्या आत तुम्ही कशाने पुसून घेतलात?