मदत हवी आहे: सोड्याच्या जाहिरातीतली दारू मुलांना कशी दाखवावी?

नमस्कार. मी नववीच्या वर्गाला शिकवते. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांनुसार दारूच्या जाहिरातीला बंदी आहे; म्हणून दारूचे उत्पादक तेच नाव, तेच बोधचिन्ह आणि तेच रंग सोड्याच्या किंवा पाण्याच्या बाटलीवर लावून जाहिरात करतात. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा आडमार्गाच्या जाहिरातींनाही मनाई केली आहे.

मागच्या आठवड्यात मी वर्गात अशी एक जुनी जाहिरात आवाज बंद करून दाखवली. तीस सेकंदांत गच्ची, मित्र, टाळ्या एवढेच होते आणि बाटली शेवटी क्षणभर दिसली, तरीही "हे कशाचं आहे?" असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, "बाई, व्हिस्की!" सोडा कोणालाच आठवला नाही. मग आम्ही गाळलेल्या गोष्टी शोधल्या: बिल, दुसऱ्या दिवशीची सकाळ, घरी गाडी कोणी चालवली.

माझी अडचण पुढची आहे. चित्रपटात कोपऱ्यात इशारा तरी येतो, पण ओळखीच्या चेहऱ्याच्या रीलमध्ये पेला सहज हातात असतो आणि त्यामागे पैसे आहेत की नाहीत, हे मुलांना कळत नाही. ते ओळखायला शिकवणारा एखादा उपक्रम कोणी वर्गात करून पाहिला असल्यास कृपया तपशिलाने सांगावे.