मदत हवी आहे: दोन एलिमेंटच्या दांड्याचे विस्थापन प्रत्यक्ष मापाशी का जुळत नाही?

डिप्लोमा_सोलापूर:
नमस्कार. मी सोलापुरात यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एका वर्कशॉपमधून आम्ही २० × २० मिमी चौरस माइल्ड स्टीलचा दांडा आणला. त्याचा पहिला ४०० मिमी भाग तसाच ठेवला आणि पुढचा ४०० मिमी भाग समोरासमोरच्या दोन बाजूंनी पाच-पाच मिमी मिलिंग करून २० × १० मिमी केला. जाड टोक घट्ट पकडून बारीक टोकाला २० किलोन्यूटन ओढ दिली, तेव्हा मोकळ्या टोकाशी लावलेल्या डायल गेजचा काटा ३४ घरे सरकला, म्हणजे ०.३४ मिमी.

स्टिफनेस पद्धतीने मात्र मला फक्त ०.१ मिमी मिळते. E २००००० न्यूटन प्रति चौ. मिमी धरल्यावर जाड भागाची ताठरता २०० आणि बारीक भागाची १०० किलोन्यूटन प्रति मिमी येते. सरांनी दिलेल्या आकृतीत पकडलेले टोक नोड १, मोकळे टोक नोड २ आणि मधला सांधा नोड ३ आहे. माझी मॅट्रिक्स अशी आहे:

```
 200  -200     0
-200   300  -100
   0  -100   100
```

पहिली ओळ व पहिला स्तंभ काढून, नोड २ वर २० किलोन्यूटन लावून सोडवल्यावर u2 = u3 = 0.1 मिमी येते. आधाराची प्रतिक्रिया बरोबर −२० किलोन्यूटन येते. मग चूक कोठे आहे?

होटगी_रोड:
प्रतिक्रिया लावलेल्या बलाइतकी येते, मॅट्रिक्स सममित आहे आणि प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आहे. माझ्या मते गणित बरोबर असून दांडा पकडीतून सरकला असावा. जबड्यांचे दात तपासून पाहावेत.

निवृत्त_अध्यापक:
पकड सरकण्याची शंका योग्य आहे, पण ती वरच्या ०.०४ मिमीपुरती. होटगी_रोड यांनी सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांवर ही मॅट्रिक्स उतरते आणि तरीही ती चुकीची आहे. या प्रश्नातील खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. आपल्या उत्तरात u2 आणि u3 समान आहेत, म्हणजे बारीक भाग मुळीच ताणला गेला नाही, आणि तरीही सगळी २० किलोन्यूटन ओढ त्याच भागातून जाते. हे शक्य नाही.

आपण दोन छोट्या मॅट्रिक्स एका कोपऱ्यात एकमेकींवर चढवल्या आहेत. नोडचे क्रमांक दांड्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने असतील तेव्हाच ते चालते. येथे जाड एलिमेंट नोड १ व ३ यांना जोडतो आणि बारीक एलिमेंट ३ व २ यांना, म्हणून दोन्ही ताठरतांची बेरीज ज्या नोडवर ते भेटतात त्याच्या, म्हणजे तिसऱ्या, कर्णस्थानी यायला हवी:

```
 200     0  -200
   0   100  -100
-200  -100   300
```

आता उरलेली समीकरणे `100u2 - 100u3 = 20` आणि `-100u2 + 300u3 = 0` अशी आहेत. दुसऱ्यातून u2 हे u3 च्या तिप्पट मिळते, म्हणून u3 = 0.1 आणि u2 = 0.3 मिमी. प्रतिक्रिया पूर्वीसारखीच −२० येते, कारण आपण चुकून तेच बल सांध्यावर लावले होते आणि आधाराला बल कोठे लागले याचा फरक पडत नाही. यापुढे प्रत्येक एलिमेंटमधील बल `k(uj - ui)` ने काढून पाहावे. बारीक भागासाठी १०० × (०.३ − ०.१) म्हणजे २० येते, आपल्या मूळ उत्तरातून शून्य आले असते.

माग_कारखाना:
आमच्या यंत्रमागाच्या चौकटीतला एक दांडा दोन्ही टोकांना आवळलेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो वाकतो. त्यालाही हीच मॅट्रिक्स लावावी का?

निवृत्त_अध्यापक:
मॅट्रिक्स हीच, पण आपले दोन्ही टोकांचे विस्थापन शून्य आहे आणि बल तापमानातून येते. चौकट हलली नाही असे धरल्यास २० अंश वाढीला स्टीलमध्ये सुमारे ४८ न्यूटन प्रति चौ. मिमी दाब येतो. चौकटही सोबत तापत असेल तर तो बराच कमी होईल. वाकण्याचे उत्तर मात्र या एलिमेंटकडून मिळणार नाही, कारण तो फक्त लांबीच्या दिशेने हलतो. त्यासाठी आपण वेगळा धागा काढावा.

डिप्लोमा_सोलापूर:
सर, मनापासून आभार. क्रमांक ओळीने बदलूनही सोडवले आणि तीच ०.१ व ०.३ मिमी आली. उरलेल्या ०.०४ मिमीचे काय समजावे?

होटगी_रोड:
माझे उत्तर घाईचे झाले, हे मान्य. तरी या ०.०४ साठी मी पकडीवरच संशय घेईन.

निवृत्त_अध्यापक:
मलाही तोच संशय आहे, पण मिलिंग दोन्ही बाजूंनी अगदी सारखे झाले नसेल तर दांडा थोडा वाकेल, आणि एका बाजूला लावलेला गेज तेही मोजेल. दुसरा गेज पकडीच्या अगदी जवळ दांड्यावर लावावा. तेथे काटा सुमारे चार घरे हलला तर सरकणे, नाही तर मिलिंगकडे पाहावे लागेल.

डिप्लोमा_सोलापूर:
प्रयोगशाळा शनिवारी उघडी असते. दोन्ही गेज लावून घेतलेली मापे येथेच लिहीन.