उत्तर: सक्शनची नळी अडकते तेव्हा

>> "सक्शनची नळी मध्येच अडकते. जरा जोर लावून आत सारली तर चालेल का?"

नाही, ट्रेकिऑस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीत सक्शनची नळी अडकली तर जोर लावू नका. आधीच्या उत्तरात नळीत सलाइनचे थेंब सोडायला सांगितलंय, पण त्याआधी गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी, काढता येणारी आतली नळी काढून बघा. बाबांच्या वेळी मी दोनदा सक्शन केलं, हाती काहीच लागलं नाही आणि श्वासाची शिट्टी वाढतच गेली. शेवटी एका हाताने गळ्यावरची पट्टी धरून आतली नळी बाहेर काढली, तर टोकाशी वाळलेल्या कफाचं बूच! धुतलेली दुसरी नळी बसवली आणि शिट्टी थांबली. म्हणून जादा आतली नळी उशाशीच हवी. सक्शन करताना ओढ फक्त नळी बाहेर घेताना द्यायची, तीही 10 ते 15 सेकंदांच्या आतच.

बूच झालं कारण ओलावा देणारं फिल्टर त्या रात्री काढून ठेवलं होतं. नाकातून न गेलेली हवा कोरडीच आत जाते आणि कफ डिंकासारखा चिकटतो. कफ घट्ट, तारेसारखा यायला लागला की ओलावा कमी पडतोय असं समजा.

आतली नळी काढूनही सक्शनची नळी जात नसेल, तर बाहेरचीच नळी बंद झाली आहे किंवा सरकली आहे. अशा वेळी, किंवा गळ्याचा खळगा आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ऑक्सिजन असेल तर गळ्यावर आणि तोंडावर, दोन्हीकडे धरा.