वर्षभर चढलेला अजून चढतो, महिनाभर चढलेला उतरतो. मग बाजार ‘कार्यक्षम’ कसा?

पाणवठा:
नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकेच्या बाजारावर दाखवलं की मागचे सहा महिने चढलेले शेअर घेतले आणि पडलेले शॉर्ट केले, म्हणजे उसने घेऊन विकले, तर पुढचे सहा महिने दोघांत महिन्याला साधारण १ टक्क्याचा फरक मिळतो. हे मोमेंटम. त्याच जेगदीश यांनी १९९० मध्ये नेमकं उलट दाखवलं होतं, की मागच्या एका महिन्यात पडलेले पुढच्या महिन्यात वर येतात. हा रिव्हर्सल. दोन्हीसाठी लागतात फक्त जुने भाव, आणि ते कुणालाही दिसतात. हे छापून तीस वर्षं उलटली, तरी हा पैसा कुणी उचलून का नेला नाही? आणि नसेल नेला, तर भावात सगळी माहिती आधीच उतरलेली असते हे अजून कसं शिकवतात?

गुणाकार:
यातल्या महिन्याभराच्या रिव्हर्सलमध्ये मला काही तथ्य दिसत नाही. तो सगळा स्प्रेडचा, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातल्या अंतराचा परिणाम आहे. एक छोटा शेअर घ्या. घेणारा ९९.५० देतोय, विकणारा १००.५० मागतोय. शुक्रवारचा शेवटचा सौदा कुणीतरी विकल्याने झाला, म्हणून बंद भाव ९९.५०. पुढच्या शुक्रवारी शेवटचा सौदा कुणीतरी घेतल्याने झाला, म्हणून १००.५०. कागदावर आठवड्यात १ टक्का नफा दिसतो, पण कंपनीचं मोल तसूभर हललेलं नाही. आणि ९९.५० ला तो शेअर तुम्हाला कुणी देणारच नव्हतं, तुम्हाला १००.५० च मोजावे लागले असते. संशोधकांनी बंद भाव घेतले आणि त्यांना नफा सापडला, एवढंच.

माळरान:
तुमचं उदाहरण अगदी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. मी वीस वर्षं डीलिंग रूममध्ये काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बंद भाव बाजूला ठेवा आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या बरोबर मधला भाव धरून मोजा. नफा कमी होतो, पण शून्य होत नाही. स्टीफन नागेल यांनी २०१२ च्या अभ्यासात हे केलंय. उरलेला नफा कुठून येतो ते आमच्या टेबलावर रोज दिसायचं. एखाद्या फंडाला लोकांचे पैसे परत करायचेत, म्हणून संध्याकाळपर्यंत दोन लाख शेअर विकायचेच आहेत. समोर तेवढे घेणारे नाहीत. मग भाव २-३ टक्के खाली दाबला जातो. कंपनीबद्दल नवीन काहीच कळलेलं नसतं. अशा वेळी जो माल अंगावर घेतो, त्याला पुढच्या काही दिवसांत भाव सावरल्यावर जे मिळतं, ते रिव्हर्सल. मी त्याला माल सांभाळण्याची मजुरी म्हणतो. नागेल यांना असंही दिसलं की बाजारात भीती वाढते तेव्हा ही मजुरी वाढते. ते स्वाभाविक आहे, कारण तेव्हा माल अंगावर घ्यायला माणसंच उरत नाहीत.

म्हणूनच मोमेंटम मोजताना शेवटचा महिना वगळतात. केनेथ फ्रेंच यांच्या प्रसिद्ध माहितीसाठ्यातही चालू महिन्याच्या आधीचा एक महिना सोडून त्यामागचे अकरा महिने धरलेत. तो महिना घेतला तर दोन उलटे परिणाम एकमेकांना खातात.

मेघना_सांगली:
माळरान काका, माझं उदाहरण सांगते. एक छोटी कंपनी होती, नाव घेत नाही. आठवड्यात शेअर १८ टक्के पडला. मला वाटलं, इतका पडलाय तर थोडा तरी उसळेल, म्हणून ४०० शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी ५ टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे दिवसातल्या घसरणीची मर्यादाच गाठली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, असं सलग सहा दिवस. विकायला लावले तर घेणाराच नाही. ऑडिटरने राजीनामा दिल्याची बातमी आधीच आली होती, मी ती वाचलीच नव्हती. मग हा रिव्हर्सल माझ्याच वाट्याला का आला नाही?

माळरान:
मेघनाताई, कारण तुम्ही ज्याच्याकडून घेतले, त्याला पैशाची नड नव्हती. त्याला काहीतरी कळलं होतं. बातमीशिवाय पडलेला शेअर वर येण्याकडे झुकतो, आणि वाईट बातमीने पडलेला बरेचदा आणखी घसरत राहतो. नुसत्या भावाच्या तक्त्यात दोघं एकाच रांगेत बसतात. संशोधनात शेकडो शेअरची टोपली असते, म्हणून तुमच्यासारखा एखादा शेअर त्यात पचून जातो. एकच शेअर घेणाऱ्याला तो पचत नाही.

ब्रेकआउट_किंग:
मोमेंटम चालतं की! मी सकाळी सव्वानऊच्या पहिल्या कँडलचा हाय तुटला की घेतो आणि तीनच्या आत बाहेर. एवढी चर्चा कशाला?

पाणवठा:
दादा, तुम्ही म्हणताय ती दिवसातली चाल. इथे सहा ते बारा महिन्यांच्या परताव्यावर शेअरची क्रमवारी लावण्याबद्दल चाललंय. नाव एक, गोष्टी वेगळ्या.

खडूफळा:
मी अर्थशास्त्र शिकवतो आणि ‘कार्यक्षम बाजार’ अजूनही शिकवतो, तेव्हा उत्तर द्यायला हवं. माळरान यांनी माझंच काम सोपं केलंय. रिव्हर्सल ही मजुरी असेल तर ती फुकटची कमाई नव्हे. आणि मजुरीतून खर्च वजा करून पाहा. आपल्याकडे डिलिव्हरीवर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर लागतो. दर आठवड्याला पूर्ण टोपली बदलली तर वर्षात ५२ फेऱ्या, म्हणजे भांडवलाचे १०.४ टक्के नुसत्या एसटीटीत गेले. त्यावर स्प्रेड, आणि जो नफा उरेल त्यावर २० टक्के अल्पकालीन कर. रिव्हर्सल सगळ्यात ठळक दिसतो तो कमी उलाढालीच्या शेअरमध्ये, आणि स्प्रेडही तिथेच सगळ्यात रुंद. अमेरिकेतल्या बाजारावर अवरामोव, चोर्डिया आणि गोयल यांनी २००६ मध्ये हाच निष्कर्ष काढला की तो नफा व्यवहारखर्चाच्या आतच राहतो. मग बाजार अकार्यक्षम कसा?

मोमेंटमबद्दलही तेच. जास्त परतावा दिसला की दोन शक्यता असतात. एक तर भाव चुकीचा आहे, नाहीतर जोखीम मोजण्याचं आपलं माप चुकीचं आहे. नुसत्या परताव्यावरून यातली कुठली खरी ते ठरत नाही. कार्यक्षम बाजाराचा सिद्धांत ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते युजीन फामा हे १९७० पासून सांगताहेत.

पाणवठा:
सर, इथे एका शब्दात दोन दावे मिसळताहेत. ‘भाव बरोबर आहे’ हा एक, आणि ‘खर्च वजा जाता तुम्हाला पैसे काढता येणार नाहीत’ हा दुसरा. तुमचं एसटीटीचं गणित दुसरा दावा सिद्ध करतं, पहिला नाही. उलट खर्चाच्या कुंपणाआड चुकीचा भाव आरामात राहू शकतो. आणि जोखमीचं म्हणाल, तर फामा आणि फ्रेंच यांनी १९९६ मध्ये स्वतःच लिहिलं की त्यांच्या तीन घटकांच्या मापाने बहुतेक विसंगती उलगडतात, पण मोमेंटम उलगडत नाही. दर वेळी नवीन माप आणायचं म्हटलं तर हे म्हणणं कधी चुकीचं ठरणार?

खडूफळा:
पहिला दावा वेगळा आहे, हे मान्य. पण मोमेंटममध्ये वर्षात उलाढाल त्या मानाने कमी, खर्च झेपण्यासारखा. तरीही तो तीस वर्षं टिकलाय, तर त्यात कुठेतरी दुखणारी जोखीम असणारच, असं मला वाटतं.

माळरान:
दुखणारी आहे, आणि कुठे दुखते ते तारखेनिशी सांगता येतं. मार्च ते मे २००९, अमेरिका. मागच्या वर्षात सगळ्यात जास्त पडलेल्या दहा टक्के शेअरचा गट त्या तीन महिन्यांत १६३ टक्के चढला. सगळ्यात चढलेला गट फक्त ८ टक्के. डॅनियल आणि मॉस्कोविट्झ यांच्या अभ्यासातले हे आकडे आहेत. शंभर रुपयांचे चढलेले घेऊन शंभरचे पडलेले शॉर्ट करून बसलेल्या माणसाचे तीन महिन्यांत १५५ रुपये गेले.

कारण समजून घ्या. २००८ च्या पडझडीनंतर पडलेल्यांच्या गटात कर्जाने वाकलेल्या बँका आणि मोटार कंपन्या होत्या. सिटीग्रुप मार्चच्या सुरुवातीला दिवसात काही वेळ १ डॉलरच्या खाली गेला होता, मे संपताना साडेतीनच्या पुढे. अशा शेअरमध्ये भागधारकाचा हिस्सा पातळ उरलेला असतो. कंपनी तरली तर भाव कितीतरी पट, बुडाली तर शून्य. बाजार वळला की हा गट बाजाराच्या तिपटीहून जास्त पळतो, आणि तुम्ही नेमके तोच शॉर्ट केलेला असतो. १९३२ च्या जुलै-ऑगस्टमध्येही हेच झालं होतं.

रिव्हर्सलवाल्यांचा असाच आठवडा ऑगस्ट २००७ चा. खंदानी आणि लो यांनी एक साधी रोजची रिव्हर्सल पद्धत मागे जाऊन तपासली. ७, ८ आणि ९ ऑगस्ट या तीन दिवसांत मिळून ती ६.८५ टक्के हरली, आणि १० तारखेला एका दिवसात ५.९२ टक्के परत मिळाले. हे उधारीशिवाय. पण रोजचा नफा एवढा बारीक झाला होता की फंड भांडवलाच्या अनेक पट उधारी घेऊनच तो काढत. आठपट धरा, तर तीन दिवसांत निम्म्याहून जास्त भांडवल साफ. कुणीतरी मोठा आपली टोपली विकायला निघाला असावा, आणि बाकीच्यांच्या टोपल्याही तशाच होत्या. गुरुवारी ज्याला उधारी कमी करावी लागली, त्याच्यासाठी शुक्रवार उगवलाच नाही. पद्धत बरोबर असून पैसे गेले. मार्जिनचे, म्हणजे उधारीसाठी आणखी तारण लगेच भरा असे सांगणारे फोन काय असतात ते मी पाहिलंय, त्यामुळे ‘एवढं सोपं असेल तर कुणीतरी करेल’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

खडूफळा:
म्हणजे जोखीमच. माझाच मुद्दा.

माळरान:
तुमचा मुद्दा तेव्हा जिंकेल, जेव्हा मोमेंटमचा परतावा या आपटीची भरपाई म्हणूनच एवढा आहे हे कुणी मोजून दाखवेल. ते पटेल असं मला अजून दिसलेलं नाही. शिवाय १९९३ च्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, की पहिल्या वर्षात मिळालेल्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या दोन वर्षांत परत जातो. जोखमीची भरपाई अशी परत का मागितली जावी? मला ते लोकांनी धावून भाव वाजवीपेक्षा वर नेल्यासारखं वाटतं. पण काही अभ्यासक म्हणतात की लोक बातमी हळूहळू पचवतात, आणि त्यांच्याही बाजूने पुरावा आहे. यात मी कुणा एकाच्या बाजूने सही करणार नाही.

गुणाकार:
माझं रिव्हर्सलबद्दलचं विधान मागे घेतो, सगळा स्प्रेड नाही. पण आपल्याकडे पडलेल्यांना शॉर्ट करायचं तरी कसं? रोख बाजारात शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. फ्यूचर्स मोजक्या मोठ्या शेअरवर. उसने शेअर मिळण्याची सोय २००८ पासून आहे, पण तिथे उलाढाल फारच थोडी. सगळ्यात जास्त पडलेले शेअर असतात बहुधा छोटे, म्हणजे या तिन्हींतून सुटलेले. मग चढलेला भाग घ्यायचा आणि पडलेला सोडायचा, एवढंच हातात उरतं.

मेघना_सांगली:
म्हणजे निफ्टी २०० मोमेंटम ३० वर चालणारे जे इंडेक्स फंड आहेत, तेच ना? त्यात तर शॉर्ट नाही. मग २००९ सारखं झालं तर तो बुडणार नाही?

माळरान:
ताई, १५५ रुपये जाणार नाहीत, ती मार शॉर्टच्या बाजूची होती. पण बाजार तळातून वळतो तेव्हा त्या फंडात आदल्या वर्षी टिकून राहिलेले शेअर असतील, आणि सगळ्यात जोरात उसळणारे नसतील. यादी बदलते फक्त जून आणि डिसेंबरमध्ये. त्या मधल्या महिन्यांत तुमचा फंड निफ्टीच्या मागे पडलेला दिसेल आणि शेजारचा माणूस पुढे. तेव्हा तुम्ही तो विकाल की ठेवाल?

मेघना_सांगली:
खरं सांगू? बहुतेक विकेन.