ऑनलाइन भाव दुकानदाराच्या खरेदीखाली गेला, आता डीलर माल परत करायलेत

वाळूजचा पंपवाला
वाळूज एमआयडीसीत आमचं फवारणी पंपांचं छोटं युनिट आहे. बॅटरीवाला, १८ लिटरचा पंप. मराठवाड्यात २२ डीलर, बहुतेक कृषी सेवा केंद्रं. जूनपासून तोच पंप आम्ही स्वतः ऑनलाइनही विकायला लागलो. गेल्या आठवड्यात तिघांनी फोन केला, "माल उचलून न्या." ऑनलाइन बंद करावं, की डीलरांची समजूत काढावी?

माजलगाव मोंढा
समजूत कसली काढता शेठ? मी तुमचा डीलर नाही, दुसऱ्या एका कंपनीचा आहे, पण दुखणं तेच. मे महिन्यात स्कीम दाखवून साठ नग गळ्यात मारले, चेक आधी घेतले. पाऊस पडला, गिऱ्हाईक आलं आणि काउंटरवर मोबाईल ठेवला. "हाच हाय ना?" म्हटलं, हाच. "मग पाचशे जास्त कशाचे?" काय सांगू? कंपनीच मला ज्या भावात देते त्याच्या खाली विकायली, हे सांगायचीही लाज वाटते.

गंमत पुढं आहे. तीन आठवड्यांनी तोच माणूस ऑनलाइन घेतलेला पंप घेऊन दुकानात. मोटर चालायली, धार येईना. गाळणी न बसवता टाकी भरली होती, कचरा व्हॉल्वमध्ये अडकलेला. मागं युरियाला रांग लागलेली आणि मी पंप खोलून बसलो. नाही म्हणता येत नाही, त्याचं बियाणं-खत माझ्याकडूनच जातं. ऑनलाइन बंद करा, एवढंच उत्तर आहे.

परतूरचा शेतकरी
मी तर ऑनलाइनच घेतला, तुम्हीही तसाच घ्या. दुकानात रोख भाव वेगळा, उधारीचा वेगळा. सोयाबीन निघाल्यावर देतो म्हटलं की तीनशे वाढवून लिहितात. फक्त चार्जर खराब निघाला, तो बदलून द्यायला पंधरा दिवस लागले. तोवर शेजाऱ्याचा पंप मागून आणला.

माजलगाव मोंढा
दादा, पंप कुठून घ्यावा हे कोणी विचारलेलं नाही. आणि उधारीचे तीनशे म्हणता, तर चार महिने पैसे अडकतात ते कोणाचे?

ई-कॉमर्स, संभाजीनगर
इतकं तापायचं कारण नाही. ऑनलाइनसाठी मॉडेलचं नाव बदला, टाकीचा रंग बदला, म्हणजे तुलनाच होणार नाही. आणि सगळ्या डीलरांना पत्र काढा की अमुक भावाखाली कोणीही विकायचं नाही. मोठ्या कंपन्या हेच करतात.

निवृत्त एरिया मॅनेजर, नांदेड
वेगळ्या मॉडेलचं अर्धं बरोबर आहे. बॅटरी तीच, मोटर तीच आणि टाकी निळीची हिरवी केली, तर शेतकरी झाकण उघडून बॅटरीवरचा १२ व्होल्ट ८ अँपिअर वाचतो. फरक खरा हवा. ऑनलाइनला सिंगल मोटर आणि ८ ची बॅटरी द्या, दुकानाला डबल मोटर आणि १२ ची. मग भावातला फरक दुकानदाराला तोंडानं सांगता येतो. पण हे पुढच्या हंगामाचं काम झालं. आज दुकानात पडलेल्या मालाला त्याचा काही उपयोग नाही.

पत्राचं मात्र करू नका. डीलरनं किती सूट द्यावी यावर बंधन घालणं स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुतीला याच कारणावरून २०० कोटींचा दंड केला. कंपनी डीलरांकडं खोटी गिऱ्हाइकं पाठवून कोण जास्त सूट देतो ते तपासत होती. तुमच्यासारख्या छोट्या युनिटवर आयोग धावून येईल असं नाही, पण असलं बंधन स्वतःच्या लेटरहेडवर लिहून कशाला द्यायचं? तुम्ही जिथं स्वतः विकता तिथला भाव तुमच्या हातात आहे. तेवढा धरा.

आता पंपवाल्यांना दोन प्रश्न. डीलरला पंप घरपोच केवढ्यात पडतो? आणि ऑनलाइन नगामागं तुमच्या हातात किती उरतात? कमिशनच नाही, सगळं वजा जाता.

वाळूजचा पंपवाला
डीलरला बिल २,६५०, गाडीभाडं धरून २,६९०. तो रोखीत ३,१०० ला विकतो. ऑनलाइन आम्ही २,८९९ लावला होता. सेलमध्ये भाग घेण्याची टिक मीच केली, तेव्हा २,५४९ झाला. कमिशन वगैरे २८० जातं. बाकीचा हिशेब केला नव्हता, तो काल बसून केला. पंपाचं वजन सहा किलो, पण कुरिअरवाले खोक्याच्या मापावर पैसे लावतात. ४० बाय २२ बाय ५२ सेंटिमीटर, भागिले ५,०००, म्हणजे नऊ किलोच्या वर. त्यामुळं वाहतूक सरासरी २९०. परत आलेल्या मालाचा खर्च विकल्या गेलेल्या नगांवर टाकला तर ११०. हातात उरले १,८६९.

निवृत्त एरिया मॅनेजर, नांदेड
म्हणजे सेलमधल्या प्रत्येक नगावर डीलरच्या बिलापेक्षा ७८१ रुपये कमी घेऊन तुम्ही डीलरशीच भांडण ओढवून घेतलं. स्कीम आणि उधारीचं व्याज डीलरच्या बाजूनं वजा केलं तरी एवढी दरी भरत नाही.

डीलरला ऑनलाइनची भीती नसते. त्यानं जुन्या भावात भरलेला माल पडून राहतो, ही भीती असते. आणि तुमचा माल नुसता पडून राहत नाही, खराब होतो. शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज न करता सहा महिने खोक्यात राहिली की पुढच्या जूनला निम्मी ताकद देते किंवा उठतच नाही. म्हणून दुकानदार दिवाळीपर्यंत थांबत नाही, आत्ताच "उचला" म्हणतो. आज उचलला तर माल चांगल्या स्थितीत तुमच्याकडं येईल, दिवाळीत उचलला तर बॅटऱ्या बदलाव्या लागतील.

मी असतो तर असं केलं असतं. ऑनलाइन भाव ठरवून टाकायचा, समजा २,७९९, आणि हंगामात हलवायचा नाही. सेलची टिक काढायची. मग एक तारीख धरून प्रत्येक डीलरकडचा शिल्लक माल मोजायचा, खोक्यावरच्या सिरीयल नंबरनं. फोनवर विचारलेला आकडा धरू नका, तो नेहमी फुगतो. २,७९९ शी टक्कर देताना डीलरला नगामागं अडीचशे सुटायला हवेत, म्हणजे त्याला पंप २,५५० ला पडला पाहिजे. २,६९० मधून १४० कमी. ज्याच्याकडं ३६ नग शिल्लक आहेत त्याला ५,०४० ची क्रेडिट नोट. जीएसटी न लावता नुसती कमर्शियल नोट देता येते. तुमचा भरलेला कर कमी होत नाही आणि डीलरलाही आयटीसी उलटवावं लागत नाही. तुमच्या सीएला एकदा दाखवून घ्या.

माजलगाव मोंढा
भावाचं ठीक आहे. मी जो पंप खोलून बसलो त्या अर्ध्या तासाचं काय?

निवृत्त एरिया मॅनेजर, नांदेड
तो खर्च कंपनीचाच आहे. स्वतःच्या वेबसाइटवरची ऑर्डर पिनकोड बघून जवळच्या डीलरकडं वळवता येते. बिल तोच करतो, माल त्याच्याच दुकानातून जातो. मोठ्या प्लॅटफॉर्मवर ते जमत नाही, कारण ते गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुमच्या हाती लागू देत नाहीत. तिथं वॉरंटीचा आधार घ्यायचा. खोक्यात क्यूआर ठेवा, "जवळच्या दुकानात दाखवा, सहा महिन्यांची वॉरंटी वर्षाची होईल." दुकानदार सिरीयल नंबर टाकतो, गाळणी आणि नोझल बसवून दाखवतो. त्याचे दीडशे रुपये त्याच्या खात्यात. माणूस दुकानात आला की सुटी लान्स, जास्तीचा नोझल असं काहीतरी घेऊन जातोच.

माजलगाव मोंढा
दीडशे कागदावर दिसतात. माझ्या कंपनीकडं दोन वर्षांच्या वॉरंटी क्लेमचे पैसे अजून अडकलेत. महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा झाले तर बोला.

ई-कॉमर्स, संभाजीनगर
एक गोष्ट सुटतेय. तुमच्या पंपाच्या पानावर "इतर विक्रेते" बघितलेत का? आमच्या एका क्लायंटला वाटायचं, भाव प्लॅटफॉर्मच पाडतोय. शेवटी स्वतःचाच एक वितरक निघाला.

निवृत्त एरिया मॅनेजर, नांदेड
हे बोललात ते लाखाचं. विक्रेत्याचं नाव पानावर असतं, जीएसटी नंबर बिलावर येतो. घरच्या कोणाच्या तरी नावानं दोन नग मागवा आणि सिरीयल नंबर डिस्पॅच रजिस्टरला लावून बघा. बारावर एक फुकट अशी स्कीम असली की मोठा स्लॅब उचलणारा फुकटचा माल हप्त्याची तारीख गाठायला खरेदीखाली फुंकतो.

वाळूजचा पंपवाला
चार दिवसांनी लिहितोय. टिक काढली. पानावर माझ्याशिवाय दोन विक्रेते होते, दोघांकडून एकेक पंप मागवला. एकाचा नंबर परत आलेल्या मालातला निघाला, तो घोळ आमच्याच गोदामातला. दुसरा मराठवाड्याबाहेरच्या एका वितरकाचा. त्यानं एप्रिलमध्ये २०० चा स्लॅब उचलला होता. म्हणजे मी सेल केला नसता तरी बीड-जालन्याच्या दुकानांना भाव पडलेलाच दिसला असता.

२२ डीलरांकडं अंदाजे ४१० नग आहेत. १४० नं ५७,४०० होतात. सेलमध्ये ९० नगांवर जे घालवलं त्यापेक्षा हे कमी आहे, म्हणून नोट देणार. पण त्या वितरकाचं काय करू? माल बंद केला तर वर्षाचे ६०० नग जातात.

निवृत्त एरिया मॅनेजर, नांदेड
बंद करू नका, स्लॅब मोडा. फुकट नग बिलाबरोबर देऊ नका. त्याच्या भागातल्या दुकानदारांच्या नावानं नोंद झालेल्या नगांवर तिमाहीनं स्कीम द्या. तो ओरडेल.

माजलगाव मोंढा
ओरडेल आणि दुसऱ्या कंपनीचा पंप धरेल. बारा वर्षांत मी तरी स्कीम मोडलेली पाहिली नाही, नाव बदलून परत येते.

परतूरचा शेतकरी
मग आता पंप २,५४९ ला मिळणार नाही का?

वाळूजचा पंपवाला
नाही दादा, २,७९९. पण परतूरच्या दुकानात विचारून बघा, तिथंही जवळपास तेवढ्यातच मिळेल आणि चार्जर बदलायला पंधरा दिवस लागणार नाहीत. वितरकाला सोमवारी भेटतोय. मोजणी जालन्यापासून सुरू केली. पहिल्या दुकानदारानं फोनवर ४० सांगितले होते, खोकी निघाली २३.