वर्षअखेरीचं व्याज: मधेच आलेल्या सभासदाचा वाटा

"आमच्या गटात दहा जणी, महिना बचत २०० रुपये. त्यातल्या एक ताई ऑक्टोबरमध्ये आल्या. व्याज सारखं वाटायचं का?"

सारखं नको, आणि नुसत्या एकूण बचतीच्या प्रमाणातही नको. रक्कम किती महिने गटात राहिली ते धरा. बचत महिन्याच्या सुरुवातीच्या बैठकीत जमा होत असेल, तर एप्रिलचे २०० बारा महिने राहिले, मेचे अकरा, मार्चचे एकच. बेरीज ७८, म्हणून जुन्या प्रत्येकीचा गुणाकार १५,६००. नव्या ताईंचा २०० × २१ = ४,२००. सगळ्यांचा मिळून १,४४,६००.

समजा कर्जावर प्रत्यक्ष जमा व्याज २,४६९ आणि वह्या-ऑडिटचा खर्च ३००. उरले २,१६९, म्हणजे गुणाकाराच्या रुपयामागे दीड पैसा. जुन्यांना २३४ रुपये, ताईंना ६३. एकूण बचतीवर वाटलं असतं तर ताईंना ११४ गेले असते, तेही इतरांच्या वाट्यातून.

थकीत व्याज मात्र वाटपात धरू नका. ते पैसे पेटीत नसतात आणि वाटप मुद्दलातून होतं. कर्ज खतावणीतल्या व्याजाच्या रकान्याची बेरीज रोकडवहीशी जुळवा. रोकडवहीत व्याज जास्त दिसलं, तर बहुधा एखाद्या हप्त्यातलं मुद्दल व्याजात लिहिलेलं असतं.